गोसीखुर्द: 372 कोटींचं धरण 18,494 कोटींवर कसं गेलं? केस स्टडी असाइनमेंट

सर, खर्च वाढत गेलेल्या सरकारी प्रकल्पाच्या या केस स्टडीसाठी वर्गात बहुतेकांनी मेट्रो घेतलीय, मी गोसीखुर्द धरण घेतलं. उजनी धरण भरलं तरी सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे धरण बांधणं आणि पाणी पोचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही, आणि गोसीखुर्दचं दुखणं नेमकं तिथंच आहे.

आधी प्रकल्प काय ते थोडक्यात. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवर धरण, भूमिपूजन 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते, भंडारा नागपूर चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टर भिजवायचं टार्गेट. 1983 च्या मूळ मान्यतेत खर्च 372 कोटी. पुढं सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता येत गेल्या: 1999 ला 2,091 कोटी, मग 5,659, मग 7,778, आणि 2012-13 च्या दरांनी 18,494 कोटी. जवळजवळ 50 पट! 2009 मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, केंद्राचा पैसा आला, तरी कालव्यांचं काम रखडतच राहिलं.

आता "महागाई वाढली म्हणून खर्च वाढला" हे कारण तपासून बघू, कारण प्रत्येक वेळी हेच पुढं केलं जातं. घाऊक किंमत निर्देशांक घेतला. 1981-82 ते 1993-94 मध्ये तो 2.478 पट झाला, तिथून 2004-05 पर्यंत 1.873 पट, आणि 2004-05 ला 100 धरलं तर 2012-13 ला 167.6. तिन्हींचा गुणाकार 7.8 च्या आसपास येतो. म्हणजे 372 कोटींचं काम नुसत्या महागाईनं साधारण 2,900 कोटींवर जायला पाहिजे होतं. जमीन, सिमेंट, डिझेल निर्देशांकापेक्षा जास्त वाढलं असं धरून हे दुप्पट केलं तरी 6,000 च्या आतच राहतं. बाकीचे बारा हजार कोटी कशाचे, खरा प्रश्न तो आहे.

माझ्या मते सगळ्यात मोठं कारण म्हणजे जमीन हातात नसताना आणि डिझाइन पक्कं नसताना काम सुरू करणं. भिंत बांधायला सोपी, ती दिसते, तिचं उद्घाटन होतं. पण वितरिका, म्हणजे मुख्य कालव्यातून शेतांकडं पाणी नेणारे छोटे कालवे, शेकडो शेतकऱ्यांच्या बांधावरून जातात, तिथं भूसंपादन अडलं की पाणी धरणातच बसतं, काम लांबतं, कामाचे सरकारी दर ठरवणारी दरसूची बदलते आणि पुन्हा नवीन सुप्रमा. पुनर्वसनाचंही तसंच, शेवटी 2013 मध्ये 1,199.60 कोटींचं वेगळं पॅकेज द्यावं लागलं. ज्या लोकांनी गाव सोडलं त्यांचा हिशोब पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात नीट धरलेला असता तर हा खर्च अचानक आला नसता, आणि खरं सांगायचं तर पैशापेक्षा ती माणसं इतकी वर्षं ताटकळली हे मला जास्त गंभीर वाटतं.

दुसरं कारण मान्यता देण्याची पद्धत. 2009 मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या 38 प्रकल्पांची किंमत काही महिन्यांत 6,672 कोटींवरून 26,722 कोटी झाली. एवढे प्रकल्प एवढ्या कमी वेळात खरंच तपासता येतात का? तिसरं कारण दर्जा: डाव्या कालव्याच्या सुरुवातीच्या साधारण 23 किमीच्या अस्तरीकरणाला, आतून दिलेल्या काँक्रीटच्या थराला, तडे गेले, म्हणजे एकाच कामावर दोनदा खर्च.

शिफारशी लिहिताना मी "पारदर्शकता वाढवावी" टाइप वाक्यं मुद्दाम टाळलीत. पहिलं, वितरिकेसकट किमान 80 टक्के जमीन ताब्यात आल्याशिवाय टेंडर काढायचंच नाही. दुसरं, प्रत्येक सुप्रमात वाढ चार रकान्यांत वेगळी दाखवायची: दरवाढ, भूसंपादन, डिझाइनमधला बदल, आधी धरायचं राहिलेलं काम. आत्ता सगळं एका आकड्यात मिसळतं म्हणून जबाबदार कोण ते कळत नाही. आपल्या उजनी-सोलापूर समांतर जलवाहिनीची क्षमता 110 वरून 170 दशलक्ष लिटर केली, तिथंही असा तक्ता असता तर बदलाचा खर्च किती आणि उशिराचा किती हे कुणालाही बघता आलं असतं. तिसरं, अस्तरीकरणाचं बिल काढण्याआधी बाहेरच्या संस्थेकडून काँक्रीटचे कोअर, म्हणजे भोक पाडून काढलेले नमुने, तपासून घ्यायचे, नमुना कुठून घ्यायचा हे ठेकेदारानं ठरवायचं नाही.

आणि हा शेवटचा मुद्दा राजकीयदृष्ट्या अवघड आहे पण मी तो ठेवतोय: प्रगतीचं माप धरणातला साठा किंवा झालेला खर्च न धरता शेवटच्या वितरिकेच्या टोकाला किती हेक्टर प्रत्यक्ष भिजलं हे धरायचं, आणि महामंडळाला पुढच्या प्रकल्पाचा निधी त्याच आकड्यावर द्यायचा.