वहिनींच्या कोरियन बाटलीच्या खोक्यावरचं, मराठीत

वहिनी, खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो मिळाले. आधी एक करा, पार्सलमध्ये आलेला तो हिंदी कागद चुलीत घाला. त्यावर ‘दस लोगों के अंदर धो लें’ छापलंय. कोरियनमध्ये मिनिटालाही ‘बुन’ म्हणतात आणि माणसं आदराने मोजतानाही ‘बुन’च. खोक्यावर आहे ते ‘दहा मिनिटांच्या आत धुवा’. खाली खोक्यावरचं जसंच्या तसं लिहिलंय. जिथे ‘माझं’ म्हटलंय तेवढं माझं.

पुढची बाजू: चेहऱ्याची मृत त्वचा काढणारं द्रावण. धुऊन टाकायचं. ३० मिली. ग्लायकोलिक ॲसिड १२ टक्के.

माझं: सिरम म्हणून विकलंय, पण हे लावून झोपायचं नाही. साल काढणारं ॲसिड आहे.

वापरण्याची पद्धत: संध्याकाळी चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करा. डोळे व ओठांभोवतीचा भाग सोडून पातळ थर लावा. दहा मिनिटांच्या आत कोमट पाण्याने स्वच्छ धुवा. आठवड्यातून एक ते दोन वेळा.

माझं: पहिला महिना आठवड्यातून एकदाच, तेही तीन मिनिटं, मोबाइलवर गजर लावून. कोमट म्हणजे गच्चीवरच्या टाकीचं नव्हे, अमळनेरला चैत्रात ते रात्रीसुद्धा कढत येतं. बादलीत भरून ठेवलेलं साधं पाणी घ्या. पुसताना चेहरा घासू नका, टॉवेलने टिपा. त्या रात्री बेसन, लिंबू, हळद काही लावायचं नाही.

सावधगिरी: १) वापरताना किंवा वापरानंतर उन्हामुळे लाल चट्टे, सूज, खाज असा त्रास झाल्यास तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्या. २) जखम असलेल्या भागावर वापर टाळा. ३) मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी, थेट उन्हापासून दूर ठेवा. ४) या उत्पादनामुळे त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होऊ शकते, सोबत सनस्क्रीन वापरा. ५) आधी थोड्या भागावर लावून त्रास होत नाही ना ते पाहा. ६) ॲसिडचं प्रमाण जास्त असल्याने दुष्परिणामाची शक्यता आहे, तज्ज्ञ डॉक्टरांशी बोला.

माझं, आणि हे नीट वाचा. सहावी ओळ प्रत्येक खोक्यावर नसते. कोरियात असलं ॲसिड दहा टक्क्यांच्या वर गेलं, किंवा द्रावण फारच आम्लधर्मी असलं, की ती छापावी लागते. तुमचं बारा आहे. पाचव्या ओळीसाठी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावा, तीन मिनिटांनी धुवा आणि पूर्ण एक दिवस थांबा. दुसऱ्या ओळीतल्या जखमेत पार्लरही धरा. भुवया, अप्परलिप केलं असेल तर चार-पाच दिवस बाटलीला हात लावू नका, दोऱ्याने ओढलेली कातडी सोललेलीच असते.

चौथी ओळ तर आपल्यासाठीच छापल्यासारखी आहे. आई म्हणाली, या आठवड्यात बिबडे घालायचेत. सकाळी सातला गच्चीवर जाऊन अकरापर्यंत उलथापालथ करायची आणि आदल्या रात्री हे लावायचं, असं चालणार नाही. बिबडे होऊ द्या. आखाजीला माहेरी पारोळ्याला गाडीवर जाताना चेहरा उजळ दिसावा म्हणून मागवलंय हे ठाऊक आहे मला, पण त्या रस्त्याच्या उन्हात उजळायचं राहील आणि गालावर काळे डाग पडतील. आखाजी झाल्यावर सुरू करा. तेव्हाही दिवसा एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन लावा, वर स्कार्फ. बंद केल्यावरही आठवडाभर तसंच.

पहिल्यांदा किंचित चुणचुणेल. जळजळलं तर गजराची वाट न बघता भरपूर पाण्याने धुवा, टूथपेस्ट वगैरे थापू नका. आजी म्हणतील, ‘झोंबनं म्हंजे लागू पडनं’. त्यांचं बाकी सगळं ऐका, एवढं सोडून. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरा आणि सरळ डॉक्टरकडे.

तारखा: खोक्याच्या बुडाशी दोन ओळी आहेत, वर्ष आधी लिहिलंय. वरची बनवल्याची, खालची वापराची मुदत. उघड्या डबीच्या चित्रातला १२ म्हणजे झाकण उघडल्यापासून बारा महिने. उघडाल त्या दिवशी बाटलीवर पेनाने तारीख टाका.

आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक खोक्यावर कुठेच नाही. इथे रीतसर आलेल्या मालावर तो असतो. म्हणजे काही झालं तर इथे कुणाला धरायची सोय नाही. खोकं मात्र फेकू नका, डॉक्टरला तेच दाखवायचं.

पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, फ्रिजच्या दारात ठेवा. पण ड्रॉपरची बाटली आहे, छकुलीच्या थेंबांच्या औषधासारखीच दिसते, आणि आजींना चष्म्याशिवाय फरक कळणार नाही. म्हणून एवढं मोठ्या अक्षरात लिहून तिला चिकटवा:

चेहऱ्याचं ॲसिड. औषध नाही. तोंडात, डोळ्यात घालू नये. फक्त वहिनींनी चेहऱ्याला लावायचं.