मराठीच्या पेपरसाठी तुझे १४ दिवस

तू पाठवलेला सोडवलेला पेपर मी काल रात्री नीट बसून तपासला. २५ पैकी १४ बरोबर आहेत, आणि नोकरी सांभाळून, तीन महिने पुस्तकाला हात न लावता एवढे येत असतील तर घाबरायचं काहीच कारण नाही. चुकलेले ११ मी वेगळे काढले: संधी-समास ४, शुद्धलेखन ३, प्रयोग २, वाक्प्रचार १ आणि उताऱ्यातला १. म्हणजे तुझा लोच्या दोन-तीन जागीच आहे, म्हणून सगळं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नकोस प्लीज, ते १४ दिवसांत होत नाही आणि मग चौथ्या दिवशी सोडून दिलं जातं, मी स्वतः हेच केलं होतं.

तुझा वेळ मी असा धरलाय. सकाळी ६ ते ६:४५ डोकं ताजं असताना व्याकरण, ऑफिसला जाताना बसमध्ये २५ मिनिटं फक्त वाक्प्रचार आणि समानार्थी शब्द, रात्री जेवल्यावर १५ मिनिटं चुकांची वही. ऑफिसमध्ये उशीर झाला तर रात्रीचं सोड, सकाळचं सोडायचं नाही.

चुकांची वही म्हणजे काय ते आधी सांगते. प्रश्न चुकला की एका ओळीत प्रश्न, बरोबर उत्तर आणि "मला काय वाटलं म्हणून चुकलं" हे लिहायचं. हे तिसरं लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. नुसतं बरोबर उत्तर लिहिलंस तर तोच प्रश्न जरा फिरवून आला की परत चुकणार.

दिवस १, रविवार. वही कर, ते ११ प्रश्न तिच्यात उतरव आणि लगेच प्रयोग घे. व्याख्या पाठ करू नकोस, बदलून बघ. "ताईने पत्र लिहिले" यात पत्राच्या जागी चिठ्ठी टाक, "लिहिली" झालं, क्रियापद कर्माच्या मागे गेलं, म्हणजे कर्मणी. "पोलिसांनी चोराला पकडले" यात चोरांना कर किंवा चोरणीला कर, "पकडले" तसंच राहतं, म्हणजे भावे.

दिवस २. परत प्रयोगच, पण फक्त मी-तू-आम्ही-तुम्ही वाली वाक्यं. तुझे दोन्ही तिथेच गेलेत. "मी पुस्तक वाचले" मध्ये "ने" दिसत नाही म्हणून तू कर्तरी लिहिलंस, पण पुस्तकाऐवजी पोथी कर, "मी पोथी वाचली" होतं ना, मग कर्मणी. आणि "मी पाणी प्यायलो" मात्र कर्तरीच, कारण तिथे मुलगी बोलली तर "प्यायले" म्हणेल. अशी २० वाक्यं स्वतः बनव.

दिवस ३ आणि ४. संधी. स्वरसंधी तुला येते, सूर्योदय, प्रत्येक, महर्षी सगळे बरोबर होते, त्यात वेळ घालवू नकोस. व्यंजनसंधीचे दहा-बारा शब्द फोडून लिही, सत् + जन = सज्जन, तत् + लीन = तल्लीन, जगत् + ईश = जगदीश, उत् + ज्वल = उज्ज्वल. विसर्गाला पूर्ण एक सकाळ दे. दुः + काल चा दुष्काल होतो (त्याचाच आपला दुष्काळ) पण प्रातः + काल चा प्रातःकालच राहतो, का? विसर्गाच्या आधी इ किंवा उ असेल आणि पुढे क, प सारखं अक्षर आलं तर ष् होतो, आधी अ असेल तर बहुतेक वेळा विसर्ग तसाच राहतो, म्हणून अंतःकरण. आणि पुढे मृदू व्यंजन आलं की अ चा ओ, मनः + रथ = मनोरथ.

दिवस ५ आणि ६. समास. विग्रह लिहिल्याशिवाय उत्तराला हात लावायचा नाही. द्वंद्वात तू गडबडलायस: आईवडील म्हणजे आई आणि वडील, इतरेतर, खरेखोटे म्हणजे खरे किंवा खोटे, वैकल्पिक, चहापाणी म्हणजे चहा, पाणी वगैरे, समाहार. बहुव्रीहीत दोन्ही पदं सोडून तिसराच कोणीतरी निघतो, लंबोदर म्हटलं की मोठं पोट नाही तर गणपती.

दिवस ७, शनिवार. नवीन काही नको. फक्त वही.

दिवस ८, रविवार. पूर्ण पेपर, २० मिनिटं लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. मला किती बरोबर आले ते कळव, १८ अपेक्षित आहेत, कमी आले तरी खरं सांग.

दिवस ९, १०, ११. शुद्धलेखन, तीन दिवस मुद्दाम दिलेत, कारण हे वाचून येत नाही, लिहून येतं. एकूण १८ नियम आहेत, त्यातला ऱ्हस्व-दीर्घाचा भाग आधी. फूल पण फुलाला, वीट पण विटेला. कवी दीर्घ पण कविसंमेलन, बुद्धी दीर्घ पण बुद्धिमान, आणि नदी मुळातच दीर्घ म्हणून नदीतीर. तू "महत्व" ला बरोबर म्हटलंस, तिथे असं बघ: महत् + त्व, दोन त आहेत, म्हणून महत्त्व, तसंच व्यक्तिमत्त्व. पण नेतृ + त्व मध्ये एकच, म्हणून नेतृत्व. एकदा फोड कळली की पाठांतराची गरजच नाही. परीक्षा, आशीर्वाद, कवयित्री हे रोज एकदा हाताने लिही.

दिवस १२. शब्दांच्या जाती, अर्धा तास पुरे. फक्त जागा बदलली की जात बदलते ते बघ, "तो वर गेला" क्रियाविशेषण, "टेबलावर" शब्दयोगी. उरलेल्या वेळात दोन उतारे, आधी प्रश्न वाचायचे मग उतारा. तुझा उताऱ्यातला प्रश्न "कोणते विधान चुकीचे आहे" असा होता आणि तू बरोबर विधान निवडलंस, म्हणून असा शब्द दिसला की त्याला पेन्सिलीने गोल कर. वृत्तं या वेळी सोड.

बसमधल्या वाक्प्रचारांचं: रोज ८, आणि अवयवाप्रमाणे गठ्ठे कर. कानाडोळा करणे म्हणजे दुर्लक्ष, कानावर हात ठेवणे म्हणजे माहीत नाही म्हणणे, कान टोचणे म्हणजे समज देणे, कान फुंकणे म्हणजे चहाड्या करणे. चारही पर्याय कानाचेच येतात तेव्हा याचा फायदा होतो. प्रत्येकाचं ऑफिसमधलं एक वाक्य मनात कर.

दिवस १३. दुसरा पूर्ण पेपर. तुझ्या जाहिरातीत बरोबरला २ मार्क आणि चुकीला अर्धा मार्क कापणार असं आहे, म्हणून दोन पर्याय नक्की उडवता आले तर उत्तर लिहायचंच. काहीच माहीत नसेल तर त्यावर वेळ न घालवता पुढे जा, शेवटी वेळ उरला तर परत ये.

दिवस १४, शनिवार. सुट्टी आधीच टाकून ठेव, निदान अर्धा दिवस. वही एकदा वाच, हॉल तिकीट, ओळखपत्र आणि दोन पेनं पिशवीत भर, रात्री दहाला झोप. रविवारी सकाळी निघताना वहीतली फक्त शेवटची दोन पानं, बाकी काही उघडू नकोस, आणि पेपर सुटला की आधी मला फोन कर.