सूचना : वरून ठिबकणारे पाणी आणि खालच्या बाल्कनीतले गंजाचे डाग

दिनांक : 4 नोव्हेंबर 2025
ऐरोली, नवी मुंबई

ए आणि बी विंगमधील सर्व सभासद व भाडेकरू यांस,

दिवाळीच्या आधीपासून वरच्या मजल्यावरून पाणी पडत असल्याच्या तक्रारी कार्यालयात येत आहेत. पडदे, चादरी, गोधड्या धुऊन न पिळताच ग्रिलबाहेरच्या दोरीवर टाकल्या जातात आणि ते पाणी खालच्या घरात जाते. बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर तांबडे ओघळ उतरले आहेत. एका घरी बाळाची दुपटी पुन्हा धुवावी लागली, पण डाग गेले नाहीत. ज्या आजी वर्षानुवर्षे बाल्कनीत पापड-कुरडया वाळवत आल्या, त्यांनी आता ते बंद केले आहे. हे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

समितीने गच्चीवरून आणि खालून दोन्ही बाजूंनी पाहणी केली. पाणी एकाच घरातून येत नाही. 03 च्या लाइनमध्ये जवळजवळ प्रत्येक मजल्याचा त्यात वाटा आहे आणि वारा असला की सातव्या मजल्याचे पाणी शेजारच्या लाइनवरही जाते. म्हणून कोणत्याही फ्लॅटचा क्रमांक येथे लिहिलेला नाही. वर पाहून ओरडणे किंवा ग्रुपवर फोटो टाकून नाव घेणेही कृपया थांबवावे. तक्रार असेल तर कार्यालयातील वहीत लिहा, समिती स्वतः त्या घरी जाऊन बोलेल.

साध्या पाण्याचा त्रास वाळला की संपतो, गंजाचा संपत नाही. आपली इमारत खाडीच्या जवळ आहे. हवेतल्या खारेपणामुळे लोखंड इथे लवकर गंजते आणि ग्रिलच्या सांध्यांत साचलेले पाणी तो गंज घेऊन खाली उतरते. पाहणीत ग्रिलइतकाच दोष जुन्या लोखंडी तारा, दोरी अडकवायचे हुक आणि एसीच्या बाहेरच्या युनिटखालचे लोखंडी स्टँड यांचा आढळला. तार काढून नायलॉनची दोरी लावणे हे तर आजच होण्यासारखे आहे.

ग्रिल नुसती रंगवून भागत नाही. गंजावरच रंग मारला तर तो फुगतो आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे निघतात. आधी तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने गंज पूर्ण खरवडावा, मग रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्यावा, तो वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन हात. सांधे आणि खालची पट्टी मात्र विसरू नये, गंज तिथूनच सुरू होतो. खरवडताना खाली जाड कापड किंवा पत्रा धरावा आणि खालच्या घरी आधी सांगावे, नाहीतर तोच चुरा त्यांच्या बाल्कनीत जाईल.

रविवार, 16 नोव्हेंबर रोजी सकाळी 10 वाजता रंगारी आणि फॅब्रिकेटर दोघेही इमारतीत येतील. ग्रिल पाहून घरटी खर्च सांगतील. काम करून घेणे ज्याच्या त्याच्या इच्छेवर आहे, पण एका लाइनमधील सगळ्यांनी एकत्र केले तर परांचीचा खर्च वाटला जाईल. वयस्कर आणि एकट्या राहणाऱ्या सभासदांनी कार्यालयात नुसते कळवावे, माणसाला घरी आणून दाखवण्याचे आम्ही पाहू.

कपड्यांबद्दल विनंती एवढीच की मशीनमध्ये स्पिन करूनच, किंवा हाताने धुतले असतील तर बाथरूममध्ये निथळून, ग्रिलच्या आतल्या बाजूला वाळत घालावेत. जड चादरी आणि गोधड्यांसाठी दोन्ही गच्च्यांवर दोऱ्या बांधल्या आहेत. किल्ली वॉचमनकडे मिळेल. सकाळी 8 ते संध्याकाळी 6 या वेळेत वापरा आणि अंधार पडण्यापूर्वी कपडे काढून न्या. बाल्कनी धुताना बादलीभर पाणी बाहेर लोटू नये, कुंड्यांखाली ताटल्या ठेवाव्यात. घरकामाला येणाऱ्या मावशींना हे सांगणे ही घरच्यांची जबाबदारी आहे. त्यांच्यासाठी हीच सूचना हिंदीत लिफ्टजवळ लावली आहे.

ज्यांच्याकडे डाग पडले आहेत त्यांच्यासाठी : कपड्यावरच्या गंजाला ब्लीच लावू नका, डाग अधिक पक्का होतो. पांढऱ्या सुती कपड्यावर लिंबाचा रस आणि मीठ चोळून उन्हात ठेवा, मग धुवा. संगमरवरी लादीवर लिंबू किंवा कोणतेही आम्ल वापरू नका, चकाकी जाते.

इतर सभासदांना उपद्रव होईल असे वर्तन करू नये, हे आपल्या उपविधीत आहेच. समिती आज कोणताही दंड लावत नाही. डिसेंबरअखेर पुन्हा पाहणी होईल. तोपर्यंत कोणाच्या ग्रिलमधून गंज पडतच राहिला तर त्या सभासदास लेखी पत्र दिले जाईल आणि विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवला जाईल.

16 तारखेच्या पाहणीसाठी आपला फ्लॅट क्रमांक 14 नोव्हेंबरपर्यंत कार्यालयातील यादीत लिहावा. कार्यालय रोज संध्याकाळी 7 ते 9 उघडे असते.

सचिव
व्यवस्थापन समितीकरिता