गोदामाच्या आगीचा दावा: 17,40,000 ऐवजी 9,91,800 रुपये का?

महोदय,

14 फेब्रुवारीच्या आगीबाबत तुमचा प्रश्न सरळ आहे. नुकसान साडेसतरा लाखांच्या आसपास आणि इमारतीचा विमा 54 लाखांचा, म्हणजे नुकसान विम्याच्या मर्यादेत आहे, मग दावा कापला का? कारण पॉलिसीतला अ‍ॅव्हरेज क्लॉज. तो विमा रकमेची तुलना नुकसानीशी करत नाही, तर आगीच्या दिवशी अख्ख्या इमारतीची जी किंमत होती तिच्याशी करतो.

सर्व्हेअरने ती किंमत अशी काढली. बांधकाम 6,000 चौरस फूट, आज तसेच पुन्हा बांधायचा खर्च चौरस फुटाला 2,000 रुपये, म्हणजे 1,20,00,000. तुमची पॉलिसी बाजारमूल्यावर आहे, त्यामुळे इमारतीच्या वयाचा 25 टक्के घसारा वजा होऊन 90,00,000 उरतात. यात जमिनीची किंमत धरलेली नाही, कारण जमीन जळत नाही.

विमा 54 लाखांचा आणि किंमत 90 लाखांची, म्हणजे 60 टक्केच विमा. उरलेल्या 40 टक्क्यांचा धोका पॉलिसीच्या भाषेत तुम्ही स्वतःकडे ठेवला होता, आणि हप्ताही 54 लाखांवरच भरला होता. म्हणून प्रत्येक नुकसानीत तुमचा वाटा 40 टक्के येतो. आग एका कोपऱ्यापुरती असली तरी.

हिशेब असा:

दुरुस्तीचा खर्च: 24,00,000
घसारा 25 टक्के: वजा 6,00,000
भंगारातून आलेली किंमत: वजा 60,000
निव्वळ नुकसान: 17,40,000
अ‍ॅव्हरेज: 17,40,000 × 54 ÷ 90 = 10,44,000
एक्सेस, म्हणजे प्रत्येक दाव्यातून होणारी ठरलेली वजावट, 5 टक्के: वजा 52,200
देय रक्कम: 9,91,800

अ‍ॅव्हरेजमुळे गेलेली रक्कम 6,96,000 आहे. घसारा, भंगार आणि एक्सेस ही वजावट वेगळी, विमा पुरेसा असता तरी ती झालीच असती.

इमारत पूर्ण जळाली असती, तर 90 × 54 ÷ 90 असे 54 लाखच आले असते, म्हणजे विमा रकमेइतकेच (एक्सेस सोडून). त्यामुळे हा क्लॉज खरा बोचतो तो अंशतः नुकसानीत. बहुतेक आगी तशाच असतात, पण विमा घेताना सगळ्यांच्या डोळ्यांसमोर संपूर्ण नुकसानच असते.

तुमच्या पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतच्या तुटीची सूट आहे, हे तुम्ही फोनवर बरोबर सांगितलेत. पण ती उंबरठ्यासारखी आहे. विमा किमान 76,50,000 असता तर अ‍ॅव्हरेज लागलाच नसता. तूट 40 टक्के असल्यामुळे सूट मिळत नाही, आणि 15 टक्के वगळून फक्त वरचे 25 टक्के कापायचे, असेही होत नाही.

दुसरा मुद्दा मालाच्या विम्याचा. त्या दिवशी 30 लाखांच्या विम्यासमोर माल 18 लाखांचाच होता, म्हणून उरलेले 12 लाख इमारतीकडे वळवता येतील का, असे तुम्ही विचारले आहे. येत नाहीत. पॉलिसीत इमारत आणि माल या स्वतंत्र बाबी आहेत, आणि अ‍ॅव्हरेज प्रत्येक बाबीला वेगळा लागतो.

तूट कशी साचली ते जुन्या कागदांवरून दिसते. 54 लाखांचा आकडा सहा वर्षांपूर्वीचा, आणि तो दरवर्षी तसाच नूतनीकरणात आला. मधल्या काळात बांधकामाचे दर वाढले, शिवाय 1,500 चौरस फुटांचा पोटमाळा चढला. त्याची नोंद पॉलिसीत झाली नाही, पण सर्व्हेअरच्या मोजणीत मात्र तो आला.

हिशेबावर हरकत घ्यायची असेल तर क्षेत्रफळावर लक्ष द्या. मोजणीत 400 चौरस फूट जास्त धरले गेले असतील, तर किंमत 84 लाखांवर येते आणि अ‍ॅव्हरेजनंतरचा आकडा 10,44,000 वरून सुमारे 11,18,500 होतो. घसाऱ्यावर वाद घालून तेवढा उपयोग नाही. तो कमी झाला तर निव्वळ नुकसान वाढते, पण इमारतीची किंमतही वाढून विम्याचे प्रमाण घटते, आणि फायदा बराचसा तिथेच विरतो. नोंदणीकृत इंजिनिअरचा मोजणी नकाशा, पोटमाळ्याची बिले आणि मंजूर आराखडा 15 दिवसांत आमच्याकडे द्या, आम्ही तो भाग सर्व्हेअरकडे फेरतपासणीसाठी पाठवू. तोपर्यंत "पूर्ण व अंतिम" लिहिलेल्या पावतीवर सही करू नका.

पुढच्या नूतनीकरणात आधी इमारतीचे मूल्यांकन करून घ्या. खरेदीची किंमत, कर्जाची रक्कम किंवा कर आकारणीचा आकडा विमा रकमेसाठी वापरू नका, यांतला एकही आकडा पुनर्बांधणीचा खर्च सांगत नाही. पुनर्बांधणी मूल्यावर पॉलिसी घेतलीत तर घसारा कापला जाणार नाही, पण मग विमा रक्कमही पूर्ण 1 कोटी 20 लाखांची हवी, नाहीतर अ‍ॅव्हरेज अधिकच जड जाईल.

आपला,
दावा अधिकारी