घरकामासाठी मदतनीस हवी आहे : साफसफाई, रोज सकाळी दोन तास

सर्व रहिवाशांना नमस्कार. आमच्या दोन बेडरूमच्या घरी साफसफाईसाठी येत्या 1 तारखेपासून मदतनीस हवी आहे. वय 18 वर्षे पूर्ण असावे. पूर्वीचा अनुभव असल्यास उत्तम, नसल्यास पहिले काही दिवस मी स्वतः सोबत राहून काम दाखवीन.

वेळ सोमवार ते शनिवार सकाळी 8 ते 10 अशी आहे आणि रविवारी सुट्टी राहील. रोज सर्व खोल्यांचा केर काढणे, फरशी पुसणे आणि ओटा व बेसिन स्वच्छ करणे, तसेच बुधवारी व शनिवारी बाथरूम-संडास धुणे एवढे काम आहे. पंखे, जाळ्या आणि खिडक्यांचे गज महिन्यातून एकदा पुसायचे असून त्या दिवशी केर-फरशीखेरीज दुसरे काम सांगितले जाणार नाही. भांडी, कपडे आणि स्वयंपाक यांचा यात समावेश नाही.

एका गोष्टीबाबत मात्र माझा आग्रह आहे. घरात माझी 78 वर्षांची आई काठी घेऊन चालते आणि मागे एकदा ओल्या फरशीवरून घसरल्यामुळे तिचे मनगट मोडले होते. म्हणून फडके घट्ट पिळून फरशी पुसावी, लगेच कोरड्या फडक्याने पुन्हा पुसावी आणि बादली वाटेत ठेवू नये. हातमोजे, फिनाईल व इतर साहित्य आम्ही देऊ. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केल्यास विषारी वायू तयार होतो, त्यामुळे अ‍ॅसिड आम्ही घरात ठेवतच नाही.

पगार दरमहा 4,500 रुपये असून तो 5 तारखेच्या आत रोख किंवा खात्यावर, जसे सोयीचे असेल तसे, दिला जाईल. महिन्याला दोन भरपगारी रजा मिळतील, आजारपणाचा विचार वेगळा केला जाईल आणि आम्ही गावी गेलो म्हणून पगार कापला जाणार नाही. काम सोडायचे किंवा थांबवायचे असल्यास दोन्ही बाजूंनी 15 दिवस आधी कळवावे.

काम सुरू होण्यापूर्वी ओळखपत्राची मूळ प्रत पाहिली जाईल आणि जवळच्या पोलीस ठाण्यात पडताळणीसाठी एक झेरॉक्स व एक फोटो लागेल. त्या झेरॉक्सवर ‘फक्त पोलीस पडताळणीसाठी’ असे लिहून तारीख टाकली जाईल आणि पडताळणीचा सर्व खर्च आमचा राहील. ही पडताळणी अविश्वासापोटी नाही, घरी येणाऱ्या प्रत्येकासाठी आमचा हाच नियम आहे. कृपया कोणाचेही आधार कार्ड या ग्रुपवर पाठवू नये. पूर्वी काम केलेल्या एखाद्या घराचा संदर्भ मिळाल्यास मी त्या घरी आधी बोलून घेईन.

आपल्याकडे काम करणाऱ्या ताईंना किंवा त्यांच्या ओळखीच्या कोणाला ही वेळ सोयीची असल्यास त्यांनी येत्या रविवारपर्यंत सायंकाळी 6 ते 8 या वेळेत ब विंगमधील 302 क्रमांकाच्या घरी येऊन भेटावे. ज्यांना हा संदेश वाचता येत नाही, त्यांना तो कृपया पगार आणि कामाच्या तपशिलासह पूर्ण वाचून दाखवावा.