भाकरीचा पापुद्रा

बेळगावच्या दवाखान्यातून कवळी घेऊन निघालो, तर येळ्ळूर येईपर्यंत अज्जा एक शब्द बोलला नाही. तोंडावर रुमाल धरून खिडकीबाहेर बघत राहिला. घरी येताच कवळी काढून पाण्याच्या डबीत ठेवली.

"पोरी, तोंडात दुसऱ्याचंच काहीतरी ठेवल्यागत वाटतंय. चार माणसांत निसटली तर?"

दात गेल्यापासून दोन वर्षं तो सगळ्यांच्या आधी, चुलीपाशी एकटाच जेवायचा. दुधात कुस्करलेली भाकरी. लग्नाची पत्रिका आली की गुडघ्याचं निमित्त सांगायचा. आम्हाला ते खरं वाटायचं, याचं मला अजून वाईट वाटतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिले दिवस मऊच खायचं. मऊ भात, आमटी, शिजवलेला दुधी. तोंडाला पाणी फार सुटेल, घाबरायचं नाही, कमी होतं. पण तिसऱ्या दिवशी अज्जानं भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडायला घेतला आणि वरची कवळी मागून सुटली. ताट तसंच सरकवून तो उठला.

संध्याकाळी बघते तर परड्यात बसून कवळीवर कानस धरलेली. खालच्या हिरडीला वळ पडला होता. मी कानस हातातनं काढून घेतली.

"डॉक्टर काय म्हणालेत? दुखलं तर घरी घासायची नाही. त्यांच्याकडं जायचं."

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी दुखत असतानाही त्यानं कवळी लावून ठेवली, म्हणजे टोचतंय कुठं ते डॉक्टरांना दिसतं. त्यांनी तेवढीच जागा घासून दिली. पाच मिनिटांचं काम! मग त्यांनी खायचं कसं ते दाखवलं. पुढच्या दातांनी तोडायचं नाही. हातानं बारीक तुकडा करायचा आणि दोन्ही बाजूंना थोडा थोडा घेऊन एकदमच चावायचा, म्हणजे कवळी उचलत नाही.

तेव्हापासून रोज सकाळी अज्जा ओसरीवर मोठ्यानं हरिपाठ म्हणायला लागला. 'स' आला की शिट्टी वाजायची. तो थांबायचा, जीभ सावरायचा आणि ती ओळ पुन्हा म्हणायचा. रात्री कवळी काढून, परातीत पाणी घेऊन त्यावर धरून घासायचा. हातातनं सुटली तरी फुटू नये म्हणून.

महिना झाला असेल. आम्ही जेवायला बसलो होतो. आईनं तव्यावरची भाकरी टोपलीत टाकली, टम्म फुगलेली. अज्जा आपलं ताट घेऊन आला आणि पंगतीत माझ्याशेजारी बसला. कुणीच काही बोललं नाही. त्यानं भाकरीचा वरचा पापुद्रा सोलला, नखाएवढा तुकडा मोडला, झुणक्यात बुडवला. दोन्ही गाल सावकाश हलत होते. मी माझा घास हातातच धरून बसले होते.

कुर्रकन आवाज आला.

"सूनबाई," अज्जा म्हणाला, "उद्या जरा कडक भाज की."