कोथिंबीर वडी: रविवारच्या शूटिंगची नवी स्क्रिप्ट

मावशी, बोलणं तुझंच ठेवलंय, क्रम मात्र बदललाय. जुन्या स्क्रिप्टमध्ये सहाव्या मिनिटाला तू म्हणतेस, "कोथिंबीर अर्थातच तासभर आधी धुवून पसरलेली." तोवर बघणारीचे हात पिठात असतात! "अंदाजाने" हा शब्द आठ वेळा होता. गुरुवारी तू वड्या केल्यास तेव्हा मी वाटी-चमच्याने मोजून घेतलं, तेच आकडे इथे आहेत. आणि मीठ तू बोलताना तिसरं सांगतेस, पण हात बरणीकडे जातो सगळ्यात शेवटी. मी हाताचं ऐकलंय.

सुरुवात (मावशी ओट्यापाशी, समोरून)
नमस्कार. आज कोथिंबीर वडी. २० ते २२ वड्या होतात, चौघांना पुरतात. एकूण सव्वादोन तास लागतात, पण त्यातला तास कोथिंबीर वाळण्यात आणि अर्धा तास उंडे गार होण्यात जातो. म्हणजे पाहुणे सातला येणार असतील तर साडेचारला कोथिंबीर धुवायला घ्या.

साहित्य (वरून, प्रत्येक जिन्नस हातात घेऊन, त्याच वेळी पडद्यावर अक्षरं)
वाटी २०० मिलीची, मोठा चमचा १५ मिलीचा, छोटा ५ मिलीचा. सगळं सपाट भरून.

कोथिंबीर १ मोठी जुडी. चिरून, हलकी दाबून २ वाट्या
लसूण ६ पाकळ्या, हिरव्या मिरच्या ३, आलं १ इंच, जिरं १ छोटा चमचा
बेसन १ वाटी
तांदळाचं पीठ २ मोठे चमचे
तीळ १ मोठा चमचा
हळद अर्धा छोटा चमचा, हिंग २ चिमूट
तेल १ मोठा चमचा पिठात, शिवाय चाळणीला लावायला आणि तळायला
मीठ पाऊण छोटा चमचा
पाणी ३ ते ४ मोठे चमचे

(जिन्नस ज्या क्रमाने वापरायचे त्याच क्रमाने लिहिलेत. ताटातही तसेच मांडू.)

१. कोथिंबीर: १ तास
जुडी निवडा, कोवळ्या काड्या राहू द्या. दोन पाण्यांतून धुऊन निथळा आणि सुती कापडावर १ तास पसरा. ओली राहिली तर पीठ जास्त लागतं, आणि मग ती बेसनाची वडी होते, कोथिंबिरीची नाही.

२. वाटण आणि पीठ: १५ मिनिटं
कोथिंबीर बारीक चिरा. लसूण, मिरच्या, आलं आणि जिरं पाणी न घालता भरड वाटा.

आता मोदकपात्रात तळाला ३ वाट्या पाणी घालून मोठ्या आचेवर ठेवा. हे आत्ताच. पीठ भिजवून झाल्यावर पाणी ठेवलं तर उंडे बसून राहतात आणि त्यांना पाणी सुटतं.

परातीत कोथिंबीर, वाटण, बेसन, तांदळाचं पीठ, तीळ, हळद, हिंग आणि १ मोठा चमचा तेल एकत्र करा. शेवटी मीठ. मिठाने कोथिंबिरीला पाणी सुटतं, म्हणून मीठ घातल्यावर २ मिनिटं थांबा, मगच एकेक चमचा पाणी घाला. तीन चमच्यांत गोळा झाला तर चौथा घालू नका.

(इथे गोळ्याचा जवळून शॉट हवा. थालीपिठाच्या पिठापेक्षा घट्ट, बोट लावलं तर किंचित चिकट. हे दाखवल्याशिवाय कळत नाही.)

३. वाफवणं: १८ मिनिटं
हाताला तेल लावून २ उंडे वळा, प्रत्येकी साधारण १२ सेंटिमीटर लांब. चाळणीला तेल लावून त्यात ठेवा. पाण्याला उकळी आली की चाळणी आत, झाकणाला फडकं बांधा म्हणजे वाफेचं पाणी उंड्यांवर पडत नाही. मध्यम आच, १८ मिनिटं. सुरी खुपसून पाहा. कोरडी निघाली तर गॅस बंद, नाहीतर आणखी ३ मिनिटं.

४. गार करणं: ३० मिनिटं
उंडे ताटात काढा आणि ३० मिनिटं हात लावू नका. गरम कापले की कडा फुटतात. (तुझा तो फुटलेल्या वड्यांचा तुकडा मी ठेवलाय, इथेच लावू. हसतील, पण लक्षात राहील.)

५. तळणं: १२ ते १५ मिनिटं
१ सेंटिमीटर जाडीच्या वड्या कापा. तव्यावर ३ मोठे चमचे तेल मध्यम आचेवर २ मिनिटं तापवा. एका बाजूने ३ मिनिटं, उलटून दुसऱ्या बाजूने ३ मिनिटं. दोन घाण्यांत होतात. दुसऱ्याला लागेल तसं थोडं तेल घाला.

शेवट (ताट समोर)
उंडे न कापता झाकलेल्या डब्यात फ्रिजमध्ये २ दिवस राहतात, हवे तेव्हा कापून तळा.

"लाइक करा, सबस्क्राइब करा" तू म्हणणार नाहीस हे ठाऊक आहे. मी पडद्यावर टाकते, तू फक्त एक वडी उचलून खा. आणि कुरकुरीत आवाज येऊ दे, माइक जवळ ठेवतेय.